जिवंत, न रंगवलेले बॅक्टेरिया बघायचेत: ४० एक्सला डार्क फील्ड जमतं, १०० एक्सला का नाही? आणि फेज कॉन्ट्रास्ट कधी लागतं?

प्रश्न: "नमस्कार मॅडम, मी नागपूरला बीएस्सी मायक्रोला आहे. कंडेन्सरखाली काळ्या कागदाची गोल चकती लावून ४० एक्सला डार्क फील्ड मस्त जमलं, पण १०० एक्स ऑइल लावलं की सगळं पांढरंफटक होतं, चकती मोठी केली तर सगळं काळं. माझं काय चुकतंय? आणि बॅक्टेरिया खरंच पोहतायत की नुसते हलतायत ते कसं ओळखायचं? फेज कॉन्ट्रास्टचे पार्ट घ्यावेत का?"

उत्तर:

तुझं काहीच चुकत नाहीये, त्या जोडणीत १०० एक्सला डार्क फील्ड होऊच शकत नाही, कितीही चकत्या कापल्या तरी. कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधी तेच बघू.

डार्क फील्डमध्ये एकच अट असते, दिव्याचा सरळ उजेड ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरता कामा नये. कंडेन्सरमधून उजेड इतका तिरका यायला हवा की तो ऑब्जेक्टिव्हच्या तोंडाच्या बाहेरून निघून जाईल, आणि वाटेत बॅक्टेरियावर आपटून जो थोडासा विखुरला तेवढाच आत येईल. दाराच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ चमकते ना, तसंच. आता ऑब्जेक्टिव्ह किती तिरका उजेड आत घेतं ते त्याच्यावर कोरलेल्या एनएवरून कळतं. साध्या ४० एक्सचा एनए बहुतेक ०.६५ असतो आणि १०० एक्स ऑइलचा १.२५. तुझ्या कंडेन्सरवर १.२५ लिहिलेलं असेल, पण तो आकडा कंडेन्सर आणि स्लाइडच्या मधे तेल असेल तरच खरा. मधे हवा असली की १.० च्या वर जाणं शक्यच नाही, हवेतून त्याहून तिरका उजेड काचेत शिरतच नाही.

म्हणजे ४० एक्सला ०.६५ पर्यंतचा उजेड चकतीने अडवला तरी त्याच्या बाहेर १.० पर्यंतची एक कडी शिल्लक राहते, ती तुझा डार्क फील्ड करते. १०० एक्स मात्र १.२५ पर्यंतचं सगळं गिळतं आणि तुझ्याकडे उजेडच १.० पर्यंतचा आहे. मग चकती छोटी असली तर जो उजेड उरला तो सगळा आत आणि फील्ड पांढरं, मोठी केली तर उजेडच बंद आणि फील्ड काळं. मधलं काही नाहीच.

१०० एक्सला खरंच करायचं असेल तर दोन गोष्टी एकदम लागतात. एक म्हणजे ऑइल डार्क फील्ड कंडेन्सर, कार्डिऑइड किंवा पॅराबोलॉइड नावाने मिळतो, तो साधारण १.२ ते १.३३ एवढ्या तिरकस कडीतून उजेड देतो, पण त्याच्या वरच्या काचेवर आणि स्लाइडच्या खालच्या बाजूला मधे तेल घालावंच लागतं. दुसरं म्हणजे आतमध्ये आयरिस असलेलं १०० एक्स, ज्याची रिंग फिरवून एनए १.० च्या आसपास खाली आणता येतो (जुन्या लॅबमध्ये आयरिसऐवजी ऑब्जेक्टिव्हच्या मागून आत बसवायची छोटी फनेल असायची, काम तेच). यातली एकच गोष्ट घेऊन भागत नाही, कंडेन्सर आणून साधं १.२५ चं ऑब्जेक्टिव्ह लावलं तर फील्ड राखाडी धुरकट दिसतं आणि माणूस कंडेन्सर खराब निघाला म्हणून बसतो. शिवाय हा कंडेन्सर स्लाइडच्या जाडीला फार नाजूक असतो, १ ते १.२ मिमीच्या पातळ स्लाइड लागतात, स्वस्त पाकिटातल्या जाड स्लाइडवर त्याचा उजेडाचा ठिपका सॅम्पलपर्यंत पोचतच नाही. आणि तेलात एक बुडबुडा जरी राहिला तरी अर्धं फील्ड चकाकतं, मग सगळं पुसून परत करा.

माझं स्पष्ट मत, कॉलेजच्या कामासाठी या भानगडीत पडू नकोस, ४० एक्सलाच नीट कर. अगं, डार्क फील्डमध्ये बॅक्टेरिया दिसायला तो रिझॉल्व्ह व्हायलाच हवा असं नसतं, त्याने उजेड विखुरला की झालं. दातांवरच्या किटणात सापडणारे स्पायरोकीट जाडीला फक्त ०.१ ते ०.२५ मायक्रॉन असतात, म्हणजे ४० एक्सच्या रिझॉल्यूशनच्या अर्ध्याहूनही बारीक, तरी काळ्यावर चकचकीत स्प्रिंगसारखे वळवळताना दिसतात. सिफिलिसचा ट्रेपोनिमा १९०६ पासून डार्क फील्डनेच जिवंत बघतात ते याच गुणामुळे. मात्र याची दुसरी बाजू लक्षात ठेव, जे चमकतंय त्याची जाडी खरी नसते, बॅक्टेरिया आहे त्यापेक्षा जाड दिसतो, म्हणून डार्क फील्डमधून रुंदी मोजून रेकॉर्डमध्ये लिहू नकोस.

आता चकती. नेटवर कुणी अमुक मिलिमीटर म्हणून आकडा देतात, तो घेऊ नकोस, प्रत्येक कंडेन्सरचं वेगळं निघतं. असं कर, एखादी साधी स्लाइड ४० एक्सला फोकस कर, आयपीस काढून टाक आणि ट्यूबमधून खाली बघ, ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भिंगात उजेडाचा गोल दिसेल. कंडेन्सरचा डायफ्राम हळूहळू बंद करून परत उघडत जा, तो गोल जिथे भिंगाच्या कडेला जेमतेम टेकतो तिथे थांब. कंडेन्सर खाली काढून डायफ्रामचं भोक स्केलने मोज आणि चकती त्याच्यापेक्षा दहा टक्के मोठी काप. काळा चार्ट पेपर चालतो, तो पारदर्शक ओएचपी शीटच्या गोल तुकड्यावर बरोबर मधे चिकटवायचा म्हणजे फिल्टर होल्डरमध्ये बसतो, दोन्ही गोष्टी बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीत मिळतील. लावल्यावर डायफ्राम पूर्ण उघडायचा, हे बरेच जण विसरतात, आणि दिवा फुल करायचा, कारण आता येणाऱ्या उजेडातला फार थोडा भागच डोळ्यापर्यंत पोचणार आहे.

चकती बरोबर बसली का, हे परत आयपीस काढूनच कळतं. मागचं भिंग पूर्ण काळं दिसलं तर ठीक. एका बाजूला चंद्रकोरीसारखी उजेडाची फाक दिसली तर चकती सरकलीये, मधे आण. सगळ्या बाजूंनी उजेडाची कडी दिसली तर चकती लहान पडली किंवा कंडेन्सर खाली राहिला, कंडेन्सर वर सरकवून बघ, जवळजवळ स्लाइडला टेकेपर्यंत. आयपीसमधून बघून अंदाज करत बसण्यापेक्षा हे एक मिनिटाचं काम आहे.

यानंतरही बॅकग्राउंड राखाडी राहिलं तर दोष मायक्रोस्कोपचा नाही, स्लाइडचा आहे. ब्राइट फील्डला चालणारी स्लाइड डार्क फील्डला चालत नाही, बोटाचा तेलकटपणा, फडक्याचे धागे, ओरखडे, सगळं चमकतं. डिटर्जंटने धुवायची, डिस्टिल्ड वॉटरने खळबळायची, मग अल्कोहोल लावून लेन्स पेपरने पुसायची, कव्हरस्लिपचंही तेच. एक स्लाइड नुसत्या पाण्याची करून आधी बघायची, तिच्यात जे काय चमकतं ते तुझ्या सॅम्पलमधलं नाही, हे डोक्यात पक्कं बसतं.

आणि थेंब लहान घे. २२ मिमीच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर घेतले तर थर साधारण २० मायक्रॉनचा होतो, ५ घेतले तर १० मायक्रॉनचा. ५ पुरतात. जाड थरात फोकसच्या वर खाली असलेले शेकडो बॅक्टेरिया पण उजेड विखुरतात आणि तोच तुझा राखाडी धूर. गढूळ कल्चर तसंच घातलं तरी हेच होतं, टेस्ट ट्यूब उजेडासमोर धरल्यावर जेमतेम धूसर वाटेल इतकं पातळ करायचं. पातळ करताना डिस्टिल्ड वॉटर नको, बॅक्टेरियाला झटका बसतो, ते ज्यात वाढलेत तेच ताजं गाळलेलं माध्यम घे, नाहीतर ०.८५ टक्के सलाइन.

आता तुझा दुसरा प्रश्न, पोहतायत की हलतायत. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण प्रॅक्टिकलमध्ये निम्मी मुलं ब्राउनियन हालचालीला मोटाइल लिहून मोकळी होतात. शब्दात सांगण्यापेक्षा एक केस घेऊन सांगते, घरी करता येण्यासारखी आहे.

धानाची तणस मूठभर घे (नागपूरच्या आसपास तणसेला काय तोटा), बारीक कापून अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळ, फडक्यातून गाळ आणि सैल झाकण ठेवून सोडून दे. उकळल्याने बाकीचे मरतात पण बॅसिलसच्या जातीचे स्पोर टिकतात आणि गार झाल्यावर उगवून येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर इन्क्युबेटरची गरजच नाही, एका दीड दिवसात पाणी धूसर होतं, हिवाळ्यात दोन तीन दिवस धर. वर जो सुरकुतलेला पापुद्रा येतो तो सध्या सोड, त्याच्या खालचं धूसर पाणी पिपेटने घे. यात नेमकी कुठली स्पीशीज आहे ते मायक्रोस्कोपवरून सांगता येत नाही आणि बॅसिलसमध्ये पोट बिघडवणारेही असतात, म्हणून ग्लोव्ह घाल, तोंडाने पिपेट ओढू नकोस, स्लाइड नंतर १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये टाक, उरलेलं पाणी कॉलेजच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून मगच फेक, नुसतं उकळून स्पोर मरत नाहीत.

याच्या जोडीला दोन कंट्रोल स्लाइड कर. एक घरच्या दह्याची, दह्याचं पाणी सलाइनमध्ये भरपूर पातळ करून. दह्यातले लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस पोहत नाहीत, त्यांना फ्लॅजेला नसतात, म्हणून पोहता न येणारा बॅक्टेरिया पाण्यात कसा दिसतो त्याचा हा उत्तम नमुना. दुसरी स्लाइड तणसेच्याच पाण्याची, पण ८० अंशाच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवून गार केलेली. तिच्यात पोहणारे मेलेत, स्पोर असतील तर ते टिकतील पण स्पोर काही पोहत नाहीत.

आधी दही बघ. गोल कॉकाय जागच्या जागी थरथरतात, दर क्षणाला दिशा वेगळी, पण मिनिटभर बघितलं तरी आसपासच रेंगाळतात. लहान कण जास्त थरथरतात, लांब काड्या कमी, आणि शेजारच्या दोघांचा एकमेकांशी काही ताळमेळ नाही. ही ब्राउनियन हालचाल, पाण्याचे रेणू आपटतात म्हणून होते, त्यात जिवंतपणाचा काही संबंध नाही. मारलेल्या तणसेच्या स्लाइडवरही हुबेहूब हेच दिसेल.

आता जिवंत तणसेची स्लाइड. काड्या सरळ रेषेत सुळकन जातात, एकदम अडखळून गटांगळी खातात, आणि तिसऱ्याच दिशेने निघतात. हे सरळ धावणं आणि मधेच दिशा बदलणं ब्राउनियनमध्ये कधीच नसतं. थोडं गणित केलं तर खात्रीच पटते, आयपीसवर फील्ड नंबर १८ लिहिला असेल तर ४० एक्सला फील्डची रुंदी १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिमी, म्हणजे ४५० मायक्रॉन. पोहणारा बॅसिलस सेकंदाला साधारण २० ते ३० मायक्रॉन जातो, म्हणजे सरळ गेला असता तर फील्ड ओलांडायला पंधरा ते बावीस सेकंद. तुझ्या घड्याळात एखादी काडी पाच सहा सेकंदात पाव फील्ड पार करत असेल तर ती पोहतेय, शंका नको.

तिसरी गोष्ट फसवते ती म्हणजे प्रवाह. मे महिन्यात पंखा फुल चालू असतो, कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडतं आणि आतलं सगळं कडेकडे ओढलं जातं, मग बॅक्टेरिया झुंडीने पळताना दिसतात. ओळखायची खूण सोपी, त्यात धूळ पण पळते. एकच दिशा, एकच वेग, निर्जीव कणासकट, म्हणजे प्रवाह. पोहणारा त्या प्रवाहाच्या आडवा किंवा उलटा जातो. उपाय म्हणजे कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ, काडेपेटीच्या काडीने लाव. नेलपॉलिश नको, त्यातलं सॉल्व्हंट आत झिरपतं आणि कडेचे बॅक्टेरिया मारतं.

पण सील केल्यावर अजून एक होतं, आणि मला हे दाखवायला फार आवडतं. सील करताना एखादा छोटा हवेचा बुडबुडा आत राहू दे, मुद्दाम. काही मिनिटांनी स्लाइडच्या मधल्या भागातले बॅसिलस मंदावतात, मग नुसते थरथरत राहतात, आणि तुला वाटतं मेले. तेव्हा स्टेज सरकवून बुडबुड्याच्या काठावर ये. तिथे गर्दी असते, काड्या एकमेकींना धडकत जोरात पोहतायत. ऑक्सिजन संपत आला की या जीवांचं पोहणं मंदावतं आणि काठाजवळ तो अजून शिल्लक असतो. म्हणून स्लाइड बनवून चहा पिऊन आल्यावर नॉन मोटाइल लिहायचं नाही, बनवली की पाच मिनिटांच्या आत बघायची आणि कडेला, बुडबुड्याला, दोन्हीकडे बघायची. दिवा फार तापणारा हॅलोजन असेल तर तोही मधेमधे कमी कर, स्लाइड गरम झाली की तेही कारण होतं.

आणि एक मर्यादा पक्की लक्षात ठेव, पोहतोय म्हणजे जिवंत हे बरोबर, पण पोहत नाही म्हणजे मेला हे चूक. दह्यातले सगळे जिवंत असूनही नुसते थरथरत होते ना. न पोहणारा जिवंत आहे का मेला, हे डार्क फील्ड सांगत नाही आणि फेज कॉन्ट्रास्टही सांगत नाही, त्यासाठी प्लेटवर वाढवून बघावं लागतं.

इथपर्यंत फेजची गरज पडली नाही. ती कधी पडते? बॅक्टेरियाच्या आत काय चाललंय ते बघायचं असेल तेव्हा. डार्क फील्डमध्ये फक्त कड चमकते, आतलं दिसत नाही. ब्राइट फील्डमध्ये तर बॅक्टेरिया जवळजवळ पारदर्शकच, कारण तो उजेड शोषत नाही, नुसता थोडा उशीर करतो. किती उशीर ते बघ, पाण्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.३३, बॅक्टेरियाचा साधारण १.३९, जाडी ०.७ मायक्रॉन धरली तर फरक ०.०४ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे हिरव्या उजेडाच्या एका लाटेचा तेरावा चौदावा भाग. डोळ्याला उजेड कमी जास्त झालेला कळतो, मागेपुढे झालेला नाही. फ्रिट्स झेर्निके यांनी हा उशीर काळ्यापांढऱ्या फरकात बदलायची युक्ती शोधली, १९५३ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना त्याचंच मिळालं. कंडेन्सरमध्ये एक उजेडाची कडी, म्हणजे ॲन्युलस, आणि ऑब्जेक्टिव्हच्या आत तेवढ्याच मापाची एक रिंग, जी सरळ आलेल्या उजेडाला मंद करते आणि पाव लाटेने सरकवते. विखुरलेला उजेड त्या रिंगच्या बाहेरून जातो, दोघे परत भेटले की एकमेकांना खोडतात आणि बॅक्टेरिया राखाडीवर गडद दिसतो.

म्हणून फेजमध्ये सगळा खेळ ती कडी त्या रिंगवर तंतोतंत बसवण्याचा आहे. आयपीस काढून सेंटरिंग टेलिस्कोप लाव, आत काळपट रिंग आणि चमकदार कडी दोन्ही दिसतील, कंडेन्सरच्या दोन स्क्रूने कडी सरकवत रिंगच्या आत पूर्ण झाकली जाईल असं कर. जरा जरी बाहेर डोकावली तरी कॉन्ट्रास्ट पडतो आणि फेज म्हणजे थोडं बरं ब्राइट फील्ड असं वाटायला लागतं. अर्ध्या लॅबमधली फेज मायक्रोस्कोप अशीच कपाटात पडून असतात, कुणी कडी बसवलेलीच नसते. ऑब्जेक्टिव्ह बदललं की कंडेन्सरवरचा नंबरही त्याच्या नंबरशी जुळवावा लागतो, नाहीतर कडी लहान रिंग मोठी असा प्रकार. दिव्यासमोर हिरवा फिल्टर टाक, रिंग हिरव्या उजेडासाठीच बनवलेली असते.

याचा फायदा तुला त्याच तणसेच्या पाण्यात दिसेल. चौथ्या पाचव्या दिवशी वरच्या पापुद्र्याचा कण सलाइनमध्ये हलवून फेजखाली बघ. गडद काड्या, आणि त्यातल्या बऱ्याच काड्यांच्या पोटात एक लंबगोल ठिपका, कंदिलासारखा पेटलेला. तो स्पोर. आत पाणी कमी, सगळं घट्ट, म्हणून त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स काडीपेक्षा बराच जास्त, आणि म्हणून तो गडद न दिसता झगझगीत दिसतो. काही स्पोर काडी फुटून मोकळेही पडलेले असतील. कुठलाही डाय नाही, मॅलाकाइट ग्रीन नाही, आणि काडीत स्पोर मधे आहे की टोकाला, काडी त्याच्यामुळे फुगलीये का, सगळं जिवंत अवस्थेत समोर. डार्क फील्डमध्ये हे जमत नाही, तिथे काडीही चमकते, स्पोरही चमकतो, आणि मोकळा स्पोर आणि कुठलातरी कचरा यात फरक करता येत नाही.

याच्याही पुढे जायचं असेल तर ते मोकळे स्पोर ८० अंशाला वीस मिनिटं ठेवून, मग न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये टाकून साधारण ३७ अंशाला ठेव आणि दर दहा मिनिटांनी थेंब घेऊन बघ. एकेक स्पोर झगझगीतचा गडद होत जातो. प्रत्येकाची सुरुवात आपापल्या वेळी होते, कुणी लगेच, कुणी तासाभराने, पण एकदा सुरू झालं की त्या एका स्पोरचं विझणं काही मिनिटांत आटपतं. फील्डमधले शंभर मोजून किती विझले ते वेळेसमोर मांड, सेमिनारसाठी पुरेल एवढा डेटा एका दुपारी मिळतो, आणि तो तुझा स्वतःचा असतो.

फेजचे तोटेही आहेत. प्रत्येक बॅक्टेरियाभोवती पांढरं वलय येतं, हॅलो म्हणतात, ते खरं नाही, ती कॅप्सूल समजू नकोस. कॅप्सूल बघायची तर इंडिया इंक वापर. थर जाड असेल, गर्दी असेल, तर वलयात वलय मिसळून चित्राचा चिखल होतो, म्हणून ५ मायक्रोलिटरचा नियम इथेही. आणि फेजमध्ये फ्लॅजेला दिसत नाहीत, एक फ्लॅजेलम सुमारे २० नॅनोमीटर जाड. जोरदार दिव्याच्या ऑइल डार्क फील्डमध्ये त्यांचा जुडगा कधीकधी दिसतो, पण कॉलेजच्या दिव्यावर ती अपेक्षा धरू नकोस.

खरेदीचं. पोहणं, स्पायरोकीट, तलावाचं पाणी हेच बघायचं असेल तर काही घेऊ नकोस, चकतीवर काम चालव. फुटाळ्याचं पाणी एकदा चकतीखाली बघ, दोन तास कुठे गेले कळणार नाही. स्पोर, विभाजन, पेशीचा आकार यावर काम करायचं असेल तर फेज घे, आणि बॅक्टेरियासाठी १०० एक्स फेज ऑब्जेक्टिव्ह हवंच, नुसतं १० आणि ४० घेऊन मन भरत नाही. सुटे भाग एका कंपनीचे, दुसऱ्या कंपनीचा कंडेन्सर असं जुळवू नकोस, कडी आणि रिंगचं माप जुळेलच असं नाही. कंडेन्सर, सेंटरिंग टेलिस्कोप आणि ऑब्जेक्टिव्ह एकाच सेटचं घे, आणि त्याच्या आधी तुझ्या मायक्रोस्कोपची ट्यूब १६० मिमीची आहे की इन्फिनिटी ते ऑब्जेक्टिव्हवरच्या खुणेवरून बघ, ते चुकलं तर पैसे वायाच.

जुनं मिळत असेल तर विकत घ्यायच्या आधी ऑब्जेक्टिव्ह काढून मागच्या बाजूने खिडकीच्या उजेडात बघ. आत एक काळपट रिंग स्वच्छ, कड न तुटलेली दिसायला हवी. रिंगच्या काठाला साबणाच्या फेसासारखे रंगीत डाग दिसले तर काचा जोडणारा थर सुटतोय. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या भिंगांना आपल्याकडे हे हमखास होतं, आणि फेजच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये ती रिंगपर्यंत पोचली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नकोस, सरळ दुसरं बघ.